स्तंभातला वरचा थर

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली, आणि त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची मात्र पाच टक्क्यांच्या आसपास घटली. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही लोकसंख्या घटली. राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांत राहणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. बंद घरं आणि पटसंख्येअभावी अडचणीत आलेल्या शाळा रोज दिसतात. पण कोकणातल्या स्थलांतराची बातमी छापताना वर्तमानपत्राला हे एका नजरेत दाखवायचं असतं, आणि त्यासाठी हमखास निवडला जातो तो थरांचा स्तंभालेख. शेजारी शेजारी तीन उभे स्तंभ, खाली १९९१, २००१, २०११ अशी वर्षं, प्रत्येक स्तंभात खाली निळा थर पुरुषांचा आणि त्यावर केशरी थर स्त्रियांचा. आठवीच्या गणितात यालाच विभाजित स्तंभालेख म्हणतात. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्टॅक्ड बार हेच नाव चालतं. हे चित्र नेमकं काय सांगतं आणि कुठे फसवतं, हे रत्नागिरीच्याच आकड्यांवर पाहू. आकडे खरे असले, छपाई बिनचूक असली, तरी हे चित्र वाचकाला चुकीच्या निष्कर्षापर्यंत नेऊ शकतं, आणि त्याचं कारण थरांच्या रचनेतच आहे.

आधी आकडे समोर ठेवू. २००१ साली जिल्ह्यात ७,९४,४९८ पुरुष आणि ९,०२,२७९ स्त्रिया होत्या, एकूण १६,९६,७७७. २०११ साली पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८, एकूण १६,१५,०६९. १९९१ची एकूण लोकसंख्या साधारण १५ लाख ४४ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे १२०५ स्त्रिया होत्या, म्हणजे अदमासे सात लाख पुरुष आणि ८ लाख ४४ हजार स्त्रिया. पुढच्या मांडणीसाठी एवढं पुरेसं आहे. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त का, हे कोकणात कुणाला सांगायला नको. जनगणना माणसाची नोंद तो जिथे राहतो तिथे करते. २०११ची मोजणी फेब्रुवारीत झाली आणि १ मार्च सुरू होतानाचा क्षण तिचा संदर्भ मानला गेला. मुंबईत खोली घेऊन राहणारा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावात असला, तरी जनगणनेच्या कागदावर तो मुंबईचाच असतो.

आता हा आलेख डोळ्यांनी वाचून पाहा. सगळ्यात खालचा निळा थर तिन्ही स्तंभांत एकाच पायावर, शून्याच्या रेषेवर उभा आहे. त्यामुळे त्याची वरची कड कुठे चढली, कुठे उतरली हे नजरेला अचूक कळतं. १९९१ ते २००१ मध्ये ती ठळक वर गेली, नंतरच्या दशकात थोडी खाली आली. स्तंभाचा माथाही तसाच वाचता येतो, कारण माथ्याची उंची म्हणजे एकूण लोकसंख्या आणि तीही शून्यापासूनच मोजलेली. अडचण आहे ती केशरी थराची. त्याचा पाया प्रत्येक स्तंभात वेगळ्या उंचीवर आहे, कारण खालचा निळा थर कमीजास्त होतो. दोन मुलं वेगवेगळ्या उंचीच्या जोत्यांवर उभी असली, तर डोकी कुठवर पोचली हे बघून त्यांतलं उंच कोण ते ठरवता येत नाही. केशरी थराचं तसंच आहे. त्याची संख्या त्याच्या जाडीत आहे, आणि नजर मात्र त्याच्या वरच्या कडेकडे जाते.

नजर तिकडेच का जाते, याला प्रयोगाचा आधार आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसं आलेखातून आकड्यांचा अंदाज कसा बांधतात हे तपासलं होतं. एकाच रेषेवरून मोजलेल्या उंचींची तुलना माणूस सगळ्यात नेमकी करतो. तीच लांबी वेगवेगळ्या पातळ्यांवरून सुरू झाली की अंदाज चुकू लागतो. त्यांच्या प्रयोगात थरांच्या स्तंभांचाही समावेश होता. हा वाचकाच्या हुशारीचा किंवा शिक्षणाचा प्रश्न नाही; गणिताच्या शिक्षकाचीही नजर इथे तशीच घसरते.

रत्नागिरीच्या आलेखात ही घसरण किती मोठी होते ते पाहा. २००१ ते २०११ मध्ये स्तंभाचा माथा ८१,७०८ माणसांएवढा खाली आला. माथा केशरी रंगाचा आहे. त्यामुळे सहज नजर टाकणाऱ्याच्या मनात उरतं ते हे, की स्त्रियांची संख्या ऐंशी हजारांनी घटली. प्रत्यक्षात ती ४८,३३१ ने घटली. उरलेले ३३,३७७ पुरुष होते आणि ती घट निळ्या थराची होती. निळा थर खाली बसल्यामुळे त्यावरचा केशरी थर सरळ खाली उतरला. आधीच्या दशकात याच्या उलट झालं. माथा दीड लाखांनी वर गेला, पण त्यांतली सुमारे ९४ हजारांची वाढ पुरुषांची होती आणि स्त्रियांची साठ हजारांच्याही आत. चित्रात मात्र केशरी कड दीड लाखांनी वर सरकलेली दिसते. म्हणजे वरच्या थराच्या खात्यावर दोन्ही दशकांत जे जमा झालं, त्याचा बराच भाग खालच्याचा होता.

आता चित्रकाराने थर उलटे रचले तर? स्त्रिया खाली, पुरुष वर. आकडा एकही बदललेला नाही. पण आता केशरी थर पायाशी आहे, त्याची कड अठ्ठेचाळीस हजारांनी उतरलेली बरोबर वाचता येते, आणि माथ्याची ऐंशी हजारांची घट निळ्या रंगाच्या नावावर पडते. बातमीचा मथळा जर ‘पुरुष मुंबईला, गावात उरल्या बायका’ अशा धर्तीचा असेल, तर हे चित्र त्याला अगदी चपखल बसतं. वाचकाला आपल्या अनुभवाचाच पुरावा मिळाल्यासारखं वाटतं आणि तो पुढे तपासत नाही. या दशकाचे आकडे मात्र त्या मथळ्याच्या विरुद्ध आहेत. या दहा वर्षांत पुरुष सव्वाचार टक्क्यांच्या आसपास घटले आणि स्त्रिया त्याहून जास्त, साडेपाच टक्क्यांच्या जवळपास. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११३६ होत्या, त्या ११२२ झाल्या. गावातून फक्त कर्ता पुरुष जातो आणि बाई-माणसं मागे राहतात हे जुनं चित्र या आकड्यांना पुरं पडत नाही. बाईसुद्धा जाते आहे का, कुटुंबच्या कुटुंब उठून जातं आहे का, की जन्म कमी झाले आहेत, असे प्रश्न इथून सुरू होतात. आलेख ते प्रश्न दाखवू शकला असता. थरांच्या क्रमामुळे त्याने ते झाकले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: प्रत्येक थरात आकडा छापला असेल तर फसगत कशी होईल? आकडा छापलेला असेल तर वाचकाच्या हाती बचावाचं साधन आहेच, आणि तसा आलेख न छापलेल्यापेक्षा नक्कीच बरा. पण बातमी वाचणारा माणूस आधी आकार पाहतो आणि मग, वेळ असेल तर, आकडे. छापील आकडा बहुधा लाखांत आणि एका दशांशापर्यंत दिलेला असतो: पुरुष ७.९ आणि ७.६, स्त्रिया ९.० आणि ८.५. त्यातून वजाबाकी केली तर ३० हजार आणि ५० हजार असं मिळतं. दिशा बरोबर, मोजमाप ढोबळ. शिवाय फोनच्या पडद्यावर आलेख आक्रसला की थरांतले आकडे आधी जातात आणि रंग उरतात. लाखाला अर्धा सेंटिमीटर धरून हा स्तंभ काढला, तर २००१चा स्तंभ साडेआठ सेंटिमीटरचा होईल आणि दोन्ही वर्षांत निळ्या थरातला फरक पावणेदोन मिलिमीटर, केशरी थरातला अडीच मिलिमीटरच्या आत राहील. मिलिमीटरभराहून कमी तफावत डोळ्यांनी पकडायची, आणि तीही एका थराचा पाया हललेला असताना. इथे आकड्यांशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून वाचताना करायचं ते असं. आधी शून्याची रेषा शोधा आणि कोणता थर तिच्यावर उभा आहे ते पाहा. बोलायचं झालं तर त्या थराबद्दल आणि माथ्याबद्दलच नजरेच्या भरवशावर बोला. वरच्या प्रत्येक थरासाठी त्याच्या वरच्या कडेचा आकडा घ्या, खालच्या कडेचा त्यातून वजा करा, आणि आलेली जाडी वर्षाच्या नावापुढे लिहा. थरांत आकडे नसतील, तर कागदाच्या कपट्याची कड एका स्तंभातल्या थराला लावा, त्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खुणा करा आणि तो कपटा तसाच पुढच्या स्तंभातल्या त्याच रंगाच्या थरावर सरकवा. खालची खूण पायाशी जुळवली की वरची खूण जास्त आहे की कमी हे लगेच दिसतं. छापील पानावर हे मिनिटाभराचं काम आहे. थर तीन-चार असतील, उदाहरणार्थ वयोगटांचे, तर मधल्या थरांवर हा उपाय केल्याशिवाय एकही विधान करू नये, कारण मधल्या थराचे पाय आणि डोकं दोन्ही हलतात.

दुसरा सापळा अक्षाचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. साध्या स्तंभालेखात अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू केला तर फरक फुगून दिसतो, हे आता बऱ्याच वाचकांना माहीत झालं आहे. थरांच्या स्तंभात याहून गंभीर घडतं: कापलं जातं ते फक्त सगळ्यात खालच्या थरातून. समजा जागा वाचवण्यासाठी अक्ष पाच लाखांपासून सुरू केला. २००१च्या स्तंभात पुरुषांचा थर मग २ लाख ९४ हजारांएवढाच उरतो, आणि त्यावर स्त्रियांचा पूर्ण ९ लाखांचा थर. चित्र सांगतं की रत्नागिरीत स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट आहेत. खरं प्रमाण सव्वापटीच्याही आत आहे. इथे स्तंभांमधली तुलना बिघडतेच, पण एकाच स्तंभातल्या थरांचं एकमेकांशी नातंही मोडतं. मग त्या थरांना काही अर्थच उरत नाही. अक्ष शून्यापासून नसलेला विभाजित स्तंभालेख दिसला की त्यातल्या चित्राकडे दुर्लक्ष करून फक्त आकडे वाचावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार म्हणजे सगळे स्तंभ सारख्याच उंचीचे, शंभर टक्क्यांचे. शाळेत याला शतमान स्तंभालेख म्हणतात. रत्नागिरीचा असा आलेख काढला तर स्त्रियांचा वाटा १९९१ मध्ये साडेचोपन्न टक्क्यांच्या किंचित वर, २००१ मध्ये ५३.२ आणि २०११ मध्ये ५२.९ असा दिसेल. मधली रेषा हळूहळू सरकते आहे, बाकी सगळं स्थिर. ऐंशी हजार माणसं कमी झाल्याची एकही खूण या चित्रात नाही. काढणाऱ्याने लबाडी केली असं नव्हे. शतमान आलेखाला एकूण संख्या विचारलेलीच नसते. तो वाटा सांगतो, आणि वाट्यापुरता तो खरा आहे. पण त्याच्या शेजारच्या मजकुरात ‘वाढले’, ‘घटले’ असे शब्द आले की थांबावं. वाटा घटला म्हणजे संख्या घटली असं नाही, आणि वाटा वाढला म्हणजे संख्या वाढली असंही नाही.

हे ग्रामीण आणि शहरी अशा थरांत आणखी ठळक होतं. जिल्ह्यातला शहरी वाटा २००१ मध्ये ११.३ टक्के होता, तो २०११ मध्ये १६.३ झाला. शतमान आलेखात शहरी थर जवळपास दीडपट जाड होतो आणि मनात येतं की गावातली माणसं जिल्ह्यातल्याच शहरांत आली. माणसांत मोजलं तर शहरी लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास वाढली आणि ग्रामीण दीड लाखांहून अधिक घटली. म्हणजे गावांमधली घट शहरांनी भरून काढलेली नाही, निम्मीसुद्धा नाही. त्यातही शहरी हा रंग एकजिनसी नाही. राजापूर शहराची नगरपरिषद जुनी, पण याच दशकात शहराची लोकसंख्या साडेदहा हजारांच्या जवळून दहा हजारांच्या खाली आली. जिल्ह्याचा शहरी थर जाड होत असताना त्याच थरातलं एक शहर बारीक होत होतं, आणि जिल्ह्याच्या आलेखातून हे कधीच कळणार नाही. शिवाय जनगणनेच्या व्याख्येनुसार पाच हजारांहून मोठं, दाट वस्तीचं आणि जिथले तीन-चतुर्थांश काम करणारे पुरुष शेतीबाहेर काम करतात असं गाव नगरपरिषद नसतानाही शहर म्हणून गणलं जातं. गाव असं वर्गांतरित झालं की तिथली सगळी माणसं एका रंगातून दुसऱ्या रंगात जातात. त्यांपैकी कुणी घर बदललेलं नसतं. बातमीत शहरीकरणाचा आलेख असेल, तर किती माणसं शहरात आली याच्या बरोबरीने किती गावांना शहर म्हटलं गेलं, हे मजकुरात आहे का ते शोधावं.

थरांचा रंग एक आणि आत माणसं अनेक तऱ्हांची, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण स्त्री-पुरुषांच्याच आलेखात आहे. हजारामागे ११२२ स्त्रिया हा आकडा पाहून रत्नागिरीत मुलींची काळजी करण्याचं कारण नाही असा समज होऊ शकतो, आणि केशरी थराची जाडी त्या समजाला पुष्टीच देते. शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये मात्र २०११ साली हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. मोठ्या वयातले पुरुष बाहेरगावी गेल्यामुळे जे प्रमाण स्त्रियांच्या बाजूला झुकतं, त्याच्या आड लहान वयातली ही तूट लपते. सगळी वयं एका रंगात मिसळली तर ती दिसण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून थर कशाचे आहेत हे वाचून भागत नाही, कशाचे असायला हवे होते हाही प्रश्न विचारावा लागतो.

इतकं झाल्यावर संपादकांच्या बाजूने कुणी विचारेल, की मग हा आलेख बादच करायचा का. तसं मी म्हणत नाही. एकूण किती आणि त्यात मुख्य वाटा कुणाचा, हे एकदम सांगायचं असेल तर या आलेखाइतकी कमी जागा घेणारा दुसरा प्रकार नाही. जिल्ह्याची लोकसंख्या चढून उतरली हे वर मांडलेल्या तीन स्तंभांतून कुणालाही कळतं, आणि ते कळणं महत्त्वाचं आहे. पण बातमीचा मुद्दा एखाद्या थराच्या चढउताराचा असेल, तर तो थर पायाशी ठेवावा, किंवा पुरुष आणि स्त्रियांचे स्तंभ शेजारी शेजारी उभे करावेत. सातवीच्या पुस्तकातला जोडस्तंभालेख तेवढ्यासाठीच आहे. जागा थोडी जास्त लागते, आणि दोन्ही स्तंभ शून्यावर उभे राहतात. पुरुषही घटले आणि स्त्रियाही, हे त्यात आकडा न वाचताही दिसलं असतं. मूळ आकडे उपलब्ध असताना दिशाभूल करणारा क्रम छापणं ही मला जागेची अडचण वाटत नाही, कामातली कसर वाटते.

यापुढची जनगणना आता १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून होणार आहे. २०२१ची मोजणी झालीच नाही, म्हणून २०११ नंतरचा स्तंभ सोळा वर्षांनी उभा राहील. कोकणाबद्दलच्या बातम्यांत १९९१, २००१, २०११ आणि २०२७ असे चार स्तंभ सारख्या अंतरावर काढलेले दिसण्याची दाट शक्यता आहे, आणि तसे काढले तर सोळा वर्षांतला बदल दहा वर्षांत झाल्यासारखा भासेल. तेव्हा वाढ किंवा घट वर्षाकाठी किती, हे भागाकार करून पाहावं. त्यासाठी २०११चे दोन आकडे कुठेतरी टिपून ठेवा: रत्नागिरी जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. नवे आकडे आले की आलेखाकडे पाहण्याआधी ही वजाबाकी स्वतः करा, आणि चित्र तिच्याशी जुळत नसेल तर वर्तमानपत्राला तसं लिहून कळवा.